कमिटी मीटिंग, रविवार १० मे २०२६: फळ्यावरच्या फोटोची साफ यादी

सगळ्यांना नमस्कार,

काल क्लब हाउसमधून निघताना फळ्याचा फोटो काढला होता, तो ग्रुपवर आहेच. ट्यूबलाइटचा उजेड पडल्यामुळे उजवा कोपरा नीट दिसत नाही आणि बाण एकमेकांत गुंतलेत, म्हणून सगळं लिहून काढलंय.

आधी खोडलेल्या मजकुराबद्दल. फळ्यावर दोन प्रकारची खोडाखोड आहे. एका सरळ रेघेने खोडलेली कामं झालेली आहेत (लिफ्टच्या एएमसीचं नूतनीकरण, वॉचमनचा मे महिन्याचा पगार). नागमोडी रेघ मारलेली आपण रद्द केली. फोटोत दोन्ही सारखीच वाटतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आत्ताच करायचं

१. स्ट्र.ऑ. (स्ट्रक्चरल ऑडिट). फळ्यावर "५ व." खोडून "३ व." केलंय. इमारत १९९४ची, म्हणजे तिशी ओलांडलेली. उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. आपलं शेवटचं २०२१चं, म्हणजे आपण उशिरातच आहोत. तीन कोटेशन्स २४ मेपर्यंत: कुलकर्णी काका.

२. गच्ची वॉ.प्रु. (वॉटरप्रूफिंग). ४.२ लाख खोडून २.८ लाख, शेजारी "फ. अ" म्हणजे फक्त अ विंग. ऑडिट आणि वॉटरप्रूफिंग यांच्यामधला बाण फोटोत दोन्हीकडे टोक असल्यासारखा दिसतो. डावीकडचं टोक डस्टरने पुसलेल्या जुन्या बाणाचं आहे. ठरलं ते असं: आधी ऑडिट, मग वॉटरप्रूफिंग. स्लॅब ठोकून पाहिल्याशिवाय वरून थर चढवला तर पैसे पाण्यात जातील. पण पाऊस काही ऑडिटसाठी थांबणार नाही. गेल्या पावसाळ्यात अ-४०२मधल्या आजींच्या पलंगाशेजारी रात्रभर बादली ठेवावी लागली होती. म्हणून त्यांच्या खोलीवरच्या भेगा तेवढ्या ३१ मेच्या आत भरून घ्यायच्या, बाकी काम ऑडिटनंतर. जबाबदारी माझी.

३. टा. २+१. वरच्या दोन टाक्या आणि खालची जमिनीतली एक, तिन्ही साफ करायच्या. शनिवार २३ मे, सकाळी ९ ते दुपारी ३ पाणी बंद. आदल्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लावायची: शिंदे वहिनी.

४. झा.छा. (झाडांची छाटणी). गेटजवळच्या गुलमोहराची फांदी विजेच्या तारेला टेकतेय. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. अर्ज याच आठवड्यात: देशपांडे सर.

जुलै ते सप्टेंबर

५. फॉ. बी. अग्निसुरक्षेचा फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. त्याआधी जिन्यातले सिलिंडर रिफिल करून घ्यायचे. खजिनदार बघतील.

६. हि.त. (हिशोब तपासणी), ३१ जुलैच्या आत. इथून एक लांब बाण थेट खाली वा.स.स.कडे जातो, कारण लेखापरीक्षकांचा अहवाल हातात नसेल तर सभेपुढे ठेवणार काय?

७. वा.स.स. (वार्षिक सर्वसाधारण सभा). २०/९ खोडून ६/९. गणपती १४ सप्टेंबरला बसतात आणि २० तारखेला निम्मी सोसायटी गावी असेल, म्हणून एक रविवार नाही तर दोन रविवार अलीकडे घेतली. पूर्ण १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तेव्हा २० ऑगस्टला ती सगळ्यांच्या हातात हवी: सचिव.

रद्द (नागमोडी रेघ)

• व्हिजिटर ॲप. रजिस्टरच चालू ठेवायचं.
• "सिं.फं. → वॉ.प्रु.", म्हणजे सिंकिंग फंडातून वॉटरप्रूफिंग. त्या फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, कमिटीला परस्पर तो अधिकार नाही. खर्च दुरुस्ती निधीतून.

मला न लागलेलं

• "के. ५ ता." हे केळकरांकडून ५ तारखेपर्यंत काहीतरी यायचं आहे, की केबलवाल्याला ५ तारीख दिली आहे? अक्षर देशपांडे सरांचं वाटतं. सर, कृपया सांगा.
• उजव्या कोपऱ्यातला चौकटीतला आकडा १८ की ७८ ते कळत नाही. समोर रुपयांचं चिन्हही नाही. ज्यांनी लिहिला त्यांनी सांगावं, तोपर्यंत तो इतिवृत्तात घेत नाही.

ज्यांची नावं वर आहेत त्यांनी तारीख जमत नसेल तर मंगळवारी रात्रीपर्यंत कळवा. बुधवारी हीच यादी इतिवृत्ताला जोडतोय आणि फळा पुसायला सांगतोय, तेव्हा कुणाला तो प्रत्यक्ष पाहायचा असेल तर त्याआधी येऊन बघा. क्लब हाउसची चावी वॉचमनकडे आहे.

सहसचिव