निम्मी की एक तृतीयांश?

वसुधा : कोडे पुन्हा नीट ऐक. एका गृहस्थांना दोन अपत्ये आहेत आणि त्यांपैकी निदान एक मुलगा आहे, तर दोन्ही मुलगेच असण्याची शक्यता किती? माझे उत्तर एक तृतीयांश.

नलिनी : ते मला मुळीच पटत नाही. एक मुलगा आहे हे कळल्यावर प्रश्न उरतो तो दुसऱ्या अपत्याचा, आणि मुलगा किंवा मुलगी होण्याची शक्यता समसमान धरली, तर उत्तर निम्मे यायला हवे. एका जन्माचा दुसऱ्या जन्मावर काही परिणाम होत नाही, हे तुलाही मान्य आहे.

वसुधा : मान्य आहे, पण तू ज्याला दुसरे म्हणतेस ते थोरले की धाकटे, हे कोड्यात कुठे सांगितले आहे? थोरले आधी धरून जोड्या मांड : मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगी-मुलगी. शेवटची बाद होते. उरलेल्या तिन्ही सारख्याच संभवनीय आहेत आणि त्यांतली एकच आपल्याला हवी आहे.

नलिनी : आणि थोरला मुलगा आहे, असे सांगितले असते तर?

वसुधा : तर निम्मे. तेवढे मी केव्हाही कबूल करीन.

नलिनी : मग असे समज, की ते गृहस्थ मला वाटेत भेटले, दोहोंपैकी कोणते तरी एक अपत्य सहज त्यांच्याबरोबर होते आणि तो मुलगा निघाला. तो थोरला की धाकटा मला ठाऊक नाही, तरी निदान एक मुलगा आहे हे कळलेच. आता अशी १०० कुटुंबे घे. सरासरीने २५ घरी दोन्ही मुलगे, ५० घरी एक मुलगा व एक मुलगी, २५ घरी दोन्ही मुली. मिश्र ५० घरांपैकी साधारण २५ वेळाच मला मुलगा दिसेल. उरलेल्या २५ वेळा मुलगी दिसेल. म्हणजे मुलगा दिसण्याचे प्रसंग ५०, आणि त्यांत दोन्ही मुलगे असलेली घरे २५.

वसुधा : हा हिशोब चोख आहे. पण मी त्याच १०० घरी जाऊन "आपल्याला निदान एक मुलगा आहे का?" असे विचारले, तर मिश्र घरांतली ५०च्या ५० ‘हो’ म्हणतील. ‘हो’ म्हणणारी घरे ७५, त्यांत माझी २५. वाद आकडेमोडीचा नाहीच. मुलगा असल्याची माहिती आपल्यापर्यंत कशी आली, याचा आहे.

नलिनी : आणि नेमके तेच कोड्यात सांगितलेले नाही! मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये हे कोडे मांडले तेव्हा उत्तर एक तृतीयांशच दिले होते. पुढे प्रश्न संदिग्ध असल्याचे त्यांनी स्वतःच मान्य केले.

वसुधा : तरीही, माहिती कशी मिळाली याचा उल्लेख नसताना, अट पूर्ण करणारी सगळी कुटुंबे मोजणे हाच मला सरळ अर्थ वाटतो.

नलिनी : मला तो सरळ वाटत नाही, कारण व्यवहारात अशी गोष्ट आपल्याला बहुधा एखादे मूल पाहूनच कळते, सगळ्या घरांना विचारून नव्हे. तुला एक तृतीयांशच हवे असेल, तर गृहस्थांना प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी ‘हो’ म्हटले, एवढे वाक्य कोड्यात घाल. मग मी वाद घालणार नाही.