शाळा दोन सत्रांत भरवण्याबाबत

परतूर, जि. जालना
दि. 10 जून 2025

प्रति,
सर्व पालक,
सप्रेम नमस्कार.

सोमवार, 16 जूनपासून आपली शाळा दोन सत्रांत भरेल. मागच्या इमारतीच्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या आहेत. तिथे एकही लेकरू बसवायची माझी तयारी नाही, म्हणून ती इमारत कुलूपबंद केली. आता वर्गखोल्या 10 आणि तुकड्या 20.

सहावी ते दहावी सकाळी 7 ते 12.10, पहिली ते पाचवी दुपारी 12.40 ते 5.15. तासिका 40 ऐवजी 35 मिनिटांची राहील. कोणताही विषय कमी केलेला नाही.

"लहान लेकरं दुपारी का?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असा फेब्रुवारी 2024 चा शासन निर्णय आहे. त्यामुळे त्यांना सकाळचं सत्र देता येत नव्हतं. उरलेल्या दोन वर्गखोल्यांत पाचवी किंवा सहावी यांपैकी एकच इयत्ता मावत होती. वयाने लहान म्हणून पाचवी दुपारी ठेवली.

मोठी मुलं सकाळी ठेवण्याचं खरं कारण एसटी आहे. गेल्या डिसेंबरात जादा तास संपवून मी दहावीच्या मुलींसोबत गाडीने फाट्यापर्यंत गेले होते. साडेसहालाच अंधार झालेला. एक मुलगी तिथून वस्तीपर्यंत मोबाईलच्या उजेडात कापसाच्या रानातून एकटी निघाली, तेव्हा मी तिला घरापर्यंत सोडून आले. रोज प्रत्येकीसोबत कोण जाणार? आता या मुली दुपारी दीडपर्यंत घरी पोहोचतील. पहाटे लवकर उठावं लागेल, हे मान्य आहे. पहिली गाडी उशिरा आली तर त्या दिवशी उशिराचा शेरा मारला जाणार नाही.

ज्यांची दोन लेकरं दोन सत्रांत आहेत, त्यांची ओढाताण होणार, हे मला ठाऊक आहे. शेतात कामाला जाणाऱ्या आईला तर सकाळीच निघावं लागतं. अशा घरच्या धाकट्यांना सकाळी मोठ्या भावंडासोबतच पाठवा. ग्रंथालयात त्यांना बसवू, एक शिक्षिका सोबत असतील. खिचडी 12.10 ला एकदाच शिजून तयार असेल, म्हणजे सुटणारे आणि येणारे सोबतच जेवतील. थोरल्यांना सायंकाळपर्यंत थांबायचं असेल तर ग्रंथालय त्यांनाही खुलं आहे.

उन्हाळ्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे सगळ्यांचीच सकाळची शाळा असते; यंदा वर्गांअभावी ते जमणार नाही. भर उन्हात पहिलीच्या लेकरांनी चालत यावं, हे मलाही पटत नाही. यावर तुमच्याशी बोलूनच ठरवायचं आहे.

त्यासाठी शनिवार, 14 जून रोजी सकाळी 11 वाजता शाळेच्या पटांगणातल्या लिंबाखाली सभा ठेवली आहे. वडिलांना जमत नसेल तर आईने, नाहीतर आजी-आजोबांनी यावं. लेकरू कोणत्या गावाहून, कोणत्या गाडीने येतं, ते चिठ्ठीवर लिहून आणावं.

आपली नम्र,
मुख्याध्यापिका