वरचे पंधराशे साठ कुठे गेले?

नमस्कार तायांनो, मावश्यांनो. हजेरी झाली, बचत जमा झाली, आता थोडा वेळ मला द्या.

आपल्या बचत गटाच्या गेल्या बैठकीत एका ताईंनी त्यांच्या कर्जाबद्दल विचारलं, "मी बारा हजार उचलले आणि भरले तेरा हजार पाचशे साठ. वरचे पंधराशे साठ कुठे गेले?" प्रश्न आला आणि खोलीत सगळ्या गप्प झाल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "अगं, व्याज असतंच." ताई खाली बसल्या. मला ते महिनाभर लागून राहिलंय. त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि "असतंच" हे काही त्याचं उत्तर नाही. उत्तर देणं माझं काम होतं, म्हणून आज हे बारा खडे घेऊन आले आहे.

हे बघा, सतरंजीवर बारा खडे मांडले. एक खडा म्हणजे एक हजार रुपये. हे ताईंचं कर्ज, म्हणजे मुद्दल. आपला दर शेकडा दोन, दरमहा. शंभराला दोन, तर हजाराला वीस. म्हणजे जो खडा महिनाभर ताईंकडे राहिला, त्या एका खड्याचे त्या महिन्याचे वीस रुपये. एवढं एकच लक्षात ठेवा, पुढचं सगळं यातूनच निघतं.

पहिला महिना संपला. बाराही खडे ताईंकडे होते. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस व्याज. त्यासोबत हजार मुद्दल परत आलं, म्हणून एक खडा मी उचलते. हप्ता झाला १,२४०. दुसऱ्या महिन्यात खडे राहिले अकरा, व्याज दोनशे वीस. तिसऱ्यात दहा, दोनशे. असं करत बाराव्या महिन्यात एकच खडा उरतो आणि त्याचे वीस रुपये.

आता बारा, अकरा, दहा, नऊ अशी एकापर्यंत बेरीज करा. मावशी, बोटांवर करा, घाई नाही. अठ्ठ्याहत्तर येते. अठ्ठ्याहत्तर गुणिले वीस, १,५६०. ताईंनी वर भरलेले पैसे बरोबर एवढेच आहेत. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही.

पण मुळात वीस रुपये तरी का? पैसे आपलेच, मग आपल्याच बाईकडून जास्त का घ्यायचे? हे बारा हजार आले कुठून ते आठवा. आपण पंधराजणी दोनशे-दोनशे टाकतो, महिन्याला तीन हजार होतात. म्हणजे ताईंच्या हाती आली ती सगळ्यांची चार महिन्यांची बचत. ती ताईंकडे असताना दुसऱ्या कुणाला अडचण आली, तर तिला थांबावं लागलं. वर्षभरात वस्तू महागतात, म्हणून आज दिलेले हजार वर्षानं परत येतात तेव्हा त्यांत तेवढं येत नाही. आणि कधी एखादीचा हप्ता बुडाला, तर तो खड्डा भरायलाही काहीतरी लागतं. दुसऱ्याची वस्तू वापरायला आणली की वापरल्या दिवसांचं भाडं देतो ना, तसंच व्याज हे पैशाचं भाडं आहे. ते पंधराशे साठ आपल्याच निधीत आहेत, वहीत नोंद आहे, हवी तिनं उघडून बघावी. पंधराजणींत वाटले तर प्रत्येकीचे एकशे चार होतात, आणि ज्यांनी व्याज भरलं त्या ताईंचेसुद्धा.

बाहेरून कर्ज घेतलं तर ते भाडं बाहेर जातं. तिथं तर डोळ्यांत तेल घालून हिशेब बघावा लागतो, कारण "शेकडा दोन" हे शब्द तेच असले तरी हिशेब वेगळा असू शकतो.

माझ्या आईनं असंच बारा महिन्यांचं कर्ज घेतलं होतं. सहा हप्ते फेडले, थोडे पैसे जमले, उरलेलं मुद्दल एकदम द्यायला गेली. देणारा म्हणाला, व्याज पूर्ण वर्षाचं लागेल. तेव्हा मी शाळेत होते आणि मलाही ते उमगलं नाही. आई म्हणाली, आपल्यालाच हिशेब येत नसेल. तिला येत होता. तिला फक्त व्याज कशावर धरलंय ते कुणी सांगितलं नव्हतं.

तिथं काय झालं ते खड्यांवर दाखवते. एक खडा परत दिला, उरले अकरा, पण व्याज धरलं बाराचंच. सहा परत दिले, तरी बाराचंच. शेवटच्या महिन्यात हाती एक खडा, व्याज बाराचं. दरमहा दोनशे चाळीस, बारा महिन्यांचे २,८८०. आपल्या पद्धतीपेक्षा १,३२० जास्त, आणि दर दोन्हीकडे "दोन"! याला फ्लॅट दर म्हणतात. आपण घेतो ते घटत्या शिल्लकेवरचं व्याज. परत केलेल्या पैशाचं भाडं भरायचं, हे मला आजही पटत नाही. म्हणून कर्ज कुठलंही असो, सही किंवा अंगठा देण्याआधी विचारा: व्याज उरलेल्या मुद्दलावर आहे की सुरुवातीच्या? आणि शेवटपर्यंत एकूण किती भरायचे, तो आकडा कागदावर लिहून मागा.

हातात किती आले तेही मोजून घ्या. कागदावर बारा हजार, पण फी, विमा असं करून पाचशे आधीच कापले, तर तुम्हाला मिळाले साडेअकरा हजार. खडे मात्र बारा मोजले जातात.

आता मुदतीचं. "हप्ता लहान करून द्या" असं आपण पटकन म्हणतो, आणि अडचण असेल तर म्हणायलाच हवं. फक्त किंमत माहीत असू द्या. हेच बारा हजार दोन वर्षांत फेडले, तर महिन्याला अर्धाच खडा परत जातो. पहिला हप्ता १,२४० ऐवजी ७४०. बरं वाटतं. पण खडे जास्त दिवस आपल्याकडे राहतात आणि व्याज होतं ३,०००, जवळजवळ दुप्पट.

उलटही होतं. सहा हप्ते झाले, सहा खडे उरले, आणि तुम्ही तीन खडे एकदम परत केले. उरलेल्या व्याजाची मोजणी सहा, पाच, चार, तीन, दोन, एक अशी एकवीस खड्यांची व्हायची, ती तीन, दोन, एक अशी सहाचीच होते. पंधरा खड्यांचे तीनशे रुपये वाचले. आपल्या गटात आधी फेडायला दंड नाही.

पहिलाच हप्ता चुकला तर? व्याजही राहिलं आणि ते मुद्दलात मिळवलं, तर पुढच्या महिन्यात व्याज १२,००० वर न लागता १२,२४० वर लागतं, म्हणजे २४४ रुपये ८० पैसे. पाच रुपयेसुद्धा वाढले नाहीत असं वाटतं, पण त्याच्या पुढच्या महिन्यात ते वाढलेल्यावर वाढतात. म्हणून जमत नसेल तर बैठकीत येऊन सांगा. लाजून घरी बसू नका. निदान त्या महिन्याचं व्याज भरलं, तरी मुद्दल जागच्या जागी राहतं.

आता पासबुकं काढा. ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी "शिल्लक मुद्दल" या रकान्यावर बोट ठेवा. तेवढ्या हजारांचे तेवढे खडे इथून घ्या आणि या महिन्याचं व्याज स्वतः काढा. सचिवताई वहीतला आकडा नंतर वाचतील, आधी नाही. जुळला नाही तर तिथंच थांबवा, आपण पुन्हा मोजू. ज्या ताईंनी प्रश्न विचारला होता, त्यांनी इकडे पुढे या, शेजारच्या मावशींना मोजायला तुम्हीच मदत करा.