क्रेडिट बॅलन्स

30 सप्टेंबर, रात्रीचे पावणेआठ, आणि बँकेच्या स्टेटमेंटशी पुस्तकं जुळवायचं बीआरएस पहिल्या फटक्यात जुळलं. वैशालीला खरंतर आनंद व्हायला पाहिजे होता, पण इतकं सरळ जुळलं की तिला उगाच शंका येते, म्हणून तिने टॅलीमध्ये सन्ड्री डेटर्सची, म्हणजे ज्यांच्याकडून येणं आहे त्यांची लिस्ट उघडली. सगळे गिऱ्हाईक डेबिटला आणि मधेच तासगावचं एक ठिबकवालं दुकान, 48,675 क्रेडिट, म्हणजे उलट आपणच त्याचं देणं.

आता हा माणूस एक रुपया अॅडव्हान्स देणारा नाही. लेजर उघडलं तर बिल एकच, 41,250 चा माल प्लस 18 टक्के जीएसटी, आणि जमा दोनदा. 19 ला एनईएफटी, 24 ला चेक. रक्कम सेम टू सेम. एन्ट्री करणारा पोरगा दुसरी जमा कुठल्याच बिलाला न लावता ऑन अकाउंट टाकून मोकळा झाला होता, बँकेत पैसे खरंच आलेले त्यामुळे बीआरएस बिचारं जुळणारच ना.

तिने स्लिपबुक काढलं. 23 तारखेची स्लिप, आणि अक्षर शेठचं. 'सात' ला आडवी रेघ मारायची सवय ऑफिसात त्यांनाच आहे.

शेठ शटर ओढायच्या तयारीत होते.

"शेठ, तासगाववाल्यांचा तो पुढच्या तारखेचा चेक तुम्ही टाकला का बँकेत?"

"टाकला की. तारीख झालेली."

"त्यांनी एनईएफटी केलंय आधीच. पैसे डबल आलेत."

शेठ थांबले. मग म्हणाले, "हां, फोन आलेला त्याचा, चेक टाकू नका म्हणून. राहू दे गं, छाटणीचा सीझन आहे, माल उचलेलच, पुढच्या बिलात वळते करू."

वैशालीने काही न बोलता फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"ताई बरं झालं तुम्हीच फोन केला," पलीकडून एकदम सुरू, "मी परवापासून शेठना लावतोय, उचलतच नाहीत, तुमचा चेक पास झाला आणि खात्यात काही उरलंच नाही, त्यात माझा खतवाल्याला दिलेला चेक परत गेला, बँकेने 590 कापले ते वेगळेच, आणि तो खतवाला आता रोख मागतोय, सीझनला रोख कुठनं आणू सांगा."

शेठ खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला. "पाठव गं आत्ताच, आयएमपीएस कर. आणि ते 590 पण धर त्यात."

ट्रान्सफर झाला, रेफरन्स नंबर तिने तासगावला व्हॉट्सअॅप केला. 48,675 ची पेमेंट एन्ट्री पडली, लेजर शून्य. 590 वर येऊन ती थांबली.

"शेठ, हे कुठल्या खर्चाला टाकू? बँक चार्जेस?"

"आपल्या बँकेने कुठे कापलेत?"

"मग?"

शेठनी टेबलावरच्या स्लिपकडे एकदा बघितलं. "माझ्या नावावर, ड्रॉइंग्जला टाक," म्हणाले आणि शटर ओढायला गेले.