राहू दे की, मरांदे

गुरुवारी सकाळी मुसळाची लोखंडी कडी निसटली तेव्हा किलोभर शेंगदाणे भाजून परातीत गार होत होते. शनिवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं शेजारचा पोरगा पुण्याला निघणार होता आणि त्याच्याकडे मुलीसाठी चटणीचा डबा द्यायचा होता. त्यात पाणी यायचा दिवस. नळाची धार दोन तासांत जाणार, त्याआधी पिंप आणि हंडे भरून घ्यायचे.

सुनंदाबाईंनी दाणे मंद आचेवर पंचवीस मिनिटं भाजले होते. आच मोठी केली की साल काळी पडते आणि आतला दाणा कच्चाच राहतो. अशी चटणी पहिल्या दिवशी खमंग लागते, आठवड्यानं खवट. त्यांनी एक दाणा बोटांत चोळून पाहिला. साल सुटली, आत बिस्किटाचा रंग आला होता. दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय उखळात घालायचे नाहीत, हे त्यांना सासूनं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. गरम दाणा मुसळाखाली लगेच तेल सोडतो, मग तिखटमीठ सारखं मिसळत नाही, गोळे होतात.

गार दाणे घालून त्यांनी मुसळ उचललं आणि दुसऱ्याच घावाला कडी ठणकन उखळात पडली.

सिद्रामअप्पा पिंपापाशी होते. आवाज ऐकून आले, कडी उचलून बोटावर फिरवून पाहिली.

"वाळलंय लाकूड. एप्रिलात असंच होतं. राहू दे की."

सुनंदाबाईंनी हात मागे घेतला.

सोलापुरात 'की' लावल्याशिवाय माया पुरी होत नाही. बस की, खा की, चहा घे की. 'राहू दे की' त्यातलंच. तू दमू नकोस, ते माझ्यावर सोड, एवढं त्यात भरलेलं असतं, आणि सिद्रामअप्पा एरवी मोजकं बोलणारे असल्यामुळे त्यांनी आयुष्यभर बायकोबद्दलचं सगळं या तीन शब्दांतच घातलं. सुनंदाबाई देवगडकडच्या. त्यांच्या कानावर ते आपटतं ते असं: तुझं काम नको, तू बाजूला हो.

अर्थ त्यांना माहीत नव्हता असं नाही. लग्न 1979चं, म्हणजे सेहेचाळीस वर्षं झाली. पण शब्द आधी लागतो आणि अर्थ मागून येतो. मधल्या वेळात हात मागे घेतला जातो, तेवढं सिद्रामअप्पांना दिसतं आणि वाटतं, हिला मदत आवडत नाही.

दोघांची पहिली गाठ दवाखान्यातली. 1977 साली चादरीच्या मागावर धोटा उडाला आणि त्याची लोखंडी चोच सिद्रामअप्पांच्या उजव्या अंगठ्यात बसली. धोट्याला धक्का देणारा पिकर झिजला असेल किंवा ताण्याची वाट पुरती उघडत नसेल तर धोटा सरळ पेटीत न जाता वर उसळतो. पिकर बदलायला सांगून दोन दिवस झाले होते. ड्रेसिंगला नवी नर्स होती, कोकणातून येऊन तिला महिनाही झाला नव्हता. तिनं चिकटलेली पट्टी ओढायच्या आधी मिठाचं पाणी ओतलं आणि दहा मिनिटं भिजत ठेवली. मागे माणसांची रांग लागलेली. त्या पोरीला उशीर होतोय हे बघून ते म्हणाले, "राहू दे की." तिला वाटलं, हा माणूस आपल्या हातून पट्टी करून घ्यायला तयार नाही. तिनं मुकाट पट्टी सोडवली. नख मुळासकट गेलं होतं.

"नख येतंय का पुन्हा?"

"नख मरांदे," ती म्हणाली, "बोट वाचलां ना."

मालवणीत 'मरांदे' म्हणजे जाऊ दे, त्याचा घोर नको करू. पोर रडत आलं, भांडं फुटलं, पावसानं वाळवण भिजलं, की आई पाठीवर हात ठेवून तेच म्हणते. सिद्रामअप्पांना मात्र ऐकू आलं 'मरू दे', तेही नर्सच्या तोंडून. ते सात ड्रेसिंगना तिच्याकडेच गेले, आणि आठव्या वेळी पट्टीची गरज नसताना गेले, हे खरं. पण हा शब्द त्यांच्या आत तसाच राहिला. नख पुढे आलं ते वाकडं, मधोमध उभी भेग असलेलं.

1998 साली कारखाना बंद झाला. बावीस वर्षं ज्या मागांना त्यांनी तेल घातलं, ज्यांचे नक्षीचे पत्ते फाटले की रात्री बसून नवे भोकून दिले, ते माग किलोवर भंगारात गेले. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं. सुनंदाबाई म्हणाल्या, "मरांदे तां. हात धुवा, वाढतंय." त्या वेळी त्यांच्या पगारावर घर चालणार होतं आणि त्याचं ओझं नवऱ्याला वाटू नये म्हणून त्यांनी आवाज अगदी साधा ठेवला होता. सिद्रामअप्पा जेवले आणि सोमवारपर्यंत बोलले नाहीत. सुनंदाबाईंनी तो कारखान्याचा शोक समजला. खरं कारण नऊ वर्षांनी, मुलीच्या लग्नाच्या याद्या करताना निघालं. दोघं त्यावर हसले, आणि 'मरांदे' घरात पूर्वीसारखं चालू राहिलं, कारण काळजाजवळची बोली सुनंदाबाईंकडे तेवढीच होती. बाकीचं सगळं त्या सोलापुरीत बोलत.

तर कडी. मुसळ पाण्यात बुडवून ठेवलं की लाकूड फुगतं आणि कडी बसते, पण ती ओल चटणीत उतरते आणि आठ दिवसांत बुरशीचा वास येतो. पाचर ठोकली तर मार खाऊन सुटते आणि तुकडा दाण्यांत जातो. सिद्रामअप्पांनी ठरवलं, बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तसं करायचं. मुसळ वर जाड होत जातं, तेव्हा कडी तापवून बोटभर वर सरकवायची. थंड होताना ती आवळते. मग खाली आलेलं लाकूड कापून कानशीनं सपाट करायचं. त्यांनी गॅसवर कडी ठेवली, पक्कड शोधली, हातोडी घेतली. पक्कड धरलेला हात थोडा थरथरत होता. आता थरथरतोच.

सुनंदाबाईंनी ते पाहिलं.

"मरांदे ओ. मिक्सर आसा."

सिद्रामअप्पांनी गॅस बंद केला, पक्कड ओट्यावर ठेवली, चपला घातल्या आणि सिद्धेश्वर तळ्याकडे गेले. बंद कारखान्याचा, माग दुरुस्त करणारा जॉबर एक कडी बसवू शकत नाही, असं त्यांनी त्यातून घेतलं. 'हात भाजतलो' हे पुढचं वाक्य सुनंदाबाईंच्या ओठांवर होतं. ते म्हणेपर्यंत माणूस दाराबाहेर होता.

त्यांनी पाव किलो दाणे मिक्सरला लावले. एक-एक सेकंद फिरवून थांबायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लक्ष दाराकडे असल्यानं बटण दाबलेलं राहिलं. पातं तापलं, खाली लगदा चिकटला आणि वर कोरडी भुकटी. चटणी मुठीत दाबली की मूठ धरावी आणि बोट लावलं की सुटावी. इथं दोन्ही नव्हतं. लगदा त्यांनी रात्रीच्या वांग्याच्या भाजीसाठी वाटीत काढून ठेवला.

सिद्रामअप्पा ऊन चढल्यावर परतले. काही न बोलता पुन्हा गॅस पेटवला. सुनंदाबाई ओली फडकी घेऊन दोन हात अंतरावर उभ्या राहिल्या. कडी तापली, पकडीनं धरून मुसळावर घातली, चार बाजूंनी आठ-दहा घाव. जळक्या लाकडाचा वास सुटला. वरून तांब्याभर पाणी ओतताच कडी चर्र करून बसली. फडक्याची गरज पडली नाही. सिद्रामअप्पांना वाटलं, मी पोळण्याची ही वाटच बघत होती.

मुसळ दिवसभर उन्हात वाळलं. कांडप शुक्रवारवर गेलं. राहिला लसूण. किलो दाण्यांना शंभर ग्रॅम सोललेला लसूण, पाऊणशे ग्रॅम लाल तिखट, तीस ग्रॅम मीठ, दहा ग्रॅम जिरं. लसूण भिजवून सोलला तर साल चटकन निघते, पण पाणी पाकळीत शिरतं आणि चटणी टिकत नाही. म्हणून कोराच सोलायचा आणि रात्रभर सुती कापडावर पसरून ठेवायचा.

संध्याकाळी सुनंदाबाई चार गड्डे घेऊन खाली बसायला लागल्या. गुडघा कुरकुरला. सिद्रामअप्पांनी ताट ओढून आपल्यापुढे घेतलं.

"बसूलालीस कशाला खाली? राहू दे की."

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आत जाऊन पडल्या. लसणासारखं काम, तेसुद्धा आपल्या हातचं नको झालं.

कोऱ्या लसणाची साल नखानं टोकाशी उचलावी लागते. भेगेच्या नखात ती अडकते, निम्मी निघते. सिद्रामअप्पा दिव्याखाली चष्मा वर-खाली करत पावणेदोन तास बसले. सोललेल्या पाकळ्या त्यांनी एकीला दुसरी न चिकटेल अशा कापडावर मांडल्या, ताण्याचे धागे सारखे करावेत तशा, आणि झोपायला गेले.

साडेअकराच्या सुमारास सुनंदाबाई पाणी प्यायला उठल्या. दिवा लावला असता तर सिद्रामअप्पांची झोप मोडली असती. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड कापडावर येत होता. पाकळ्यांवर जागोजाग सालीचे पापुद्रे राहिलेले. उखळात ते कुटले जात नाहीत, दाताखाली येतात. त्या खाली बसल्या नाहीत, ओट्याला टेकून एकेक पाकळी उचलून पापुद्रा काढू लागल्या. काढलेली साल मुठीत ठेवत होत्या, सकाळी केराच्या डब्यात त्यांना दिसायला नको म्हणून. प्रत्येक पाकळी होती त्याच जागी परत ठेवत होत्या.

एका पाकळीवर वाळलेल्या रक्ताचा ठिपका होता. नखाच्या भेगेतला. त्यांनी ती पाकळी बाजूला काढली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "मरांदे... मरांदे तां."

सिद्रामअप्पा जागे होते. सालीची सरसर त्यांना ओळखू येत होती. आपलं सोलणं पसंत पडलं नाही, हे त्यांना कळलं, आणि मागोमाग तो शब्दही ऐकू आला. त्यांनी भिंतीकडे कूस वळवली, पण पलंग कुरकुरला तर ती दचकेल म्हणून अगदी सावकाश.

स्वयंपाकघरात सुनंदाबाईंनी कान देऊन ऐकलं. हलल्याचा आवाज नाही. गाढ झोपलेत, असं म्हणून त्यांनी पुढची पाकळी उचलली.