kms म्हणजे किलोमीटर नाही, पण लगेच घाबरू पण नका

सगळ्या आईबाबांना नमस्कार. सोमवारी रात्री साडेअकराला नववीच्या बॅचमधल्या एका आईचा फोन आला, रडतच होती. मुलगी फोन टेबलावर तसाच उघडा ठेवून ब्रश करायला गेली आणि आईने वाचलं, `udya maths cha paper, kms`. बाबा म्हणाले किलोमीटर असेल गं, मग गुगल केलं तर अर्थ निघाला किल मायसेल्फ, म्हणजे जीव देते. मुलुंडला 14 वर्षं क्लास घेतेय, रोज ही मुलं समोर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलं kms सर्रास टाकतात, आपण नाही का म्हणत "मेले मी आता", तसंच. पेपर, उकाडा, चुकलेली लोकल, कशालाही kms. पण तेच मूल जेवत नसेल, मित्रांना टाळत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल आणि रात्री दोनला एकटंच kms लिहीत असेल तर ती गंमत समजू नका, जवळ बसा आणि सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतोय का. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती खोटी आहे, उलट मूल मोकळं होतं. kys मात्र वेगळं, ते दुसऱ्याला म्हणतात, जा मर. गेममध्ये हरल्यावर एकमेकांना टाकतात, तेही वाईटच, पण चारपाच जण मिळून एकालाच रोज टाकत असतील तर तो सरळ सरळ छळ आहे. sh दिसलं तर ते कधी नुसतं गप्प बस असतं, पण सेल्फ हार्म म्हणजे स्वतःला इजा करणं हाही अर्थ आहे, तिथे मागेपुढे काय लिहिलंय ते बघा.

आता ज्याची काळजी करायची गरज नाही ते पटकन सांगते. idk माहीत नाही, ngl खोटं नाही बोलत, fr खरंच, istg देवाशपथ, smh "काय हे" म्हणत कपाळावर हात मारतो तसं. nvm जाऊ दे, wyd काय करतेयस, gtg निघते. ily, ilysm मैत्रिणी मैत्रिणी दिवसातून दहादा टाकतात, त्यावरून लगेच लफडं शोधू नका. op म्हणजे भारी. bc ला दोन अर्थ, एक बिकॉज आणि दुसरा ती हिंदीतली बहिणीवरची शिवी, वाक्य वाचलं की कळतं कुठला ते, आणि mc ला बहुतेक वेळा शिवीच असते. शिवीबद्दल जरूर बोला, पण शांतपणे.

asl बद्दल नीट वाचा. `tired asl` असेल तर ते अॅज हेल, म्हणजे प्रचंड दमलोय. पण अनोळखी माणसाने नुसतं asl? विचारलं तर तो वय, मुलगा की मुलगी आणि राहता कुठे हे विचारतोय, जुन्या चॅटरूमपासूनचा प्रश्न आहे हा. मागोमाग lmirl म्हणजे प्रत्यक्ष भेटू, किंवा gnoc म्हणजे कॅमेऱ्यासमोर कपडे काढ, असं आलं तर एक मिनिट घालवू नका. 18 वर्षांखालच्या मुलाकडे असं मागणं पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा, आयडी लिहून ठेवा, मग ब्लॉक करा, आणि मुलाला आधी सांगा की तुझी चूक नाही. तक्रार जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा cybercrime.gov.in वर करता येते. मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416, दोन्ही चोवीस तास चालू असतात, मराठीत बोलता येतं.

pos म्हणजे आईबाबा मागे उभे आहेत, 9 म्हणजे पालक बघतायत, अशा याद्या दर दोनतीन महिन्यांनी ग्रुपवर फिरतात. माझ्या मुलांपैकी कोणी ते टाकताना मी बघितलं नाही, ती सरळ `mummy ahe` लिहितात आणि विषय बदलतात.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. आईने फोन काढून घेतला नाही, सकाळी पोहे करता करता विचारलं, काल kms लिहिलंस, खूप टेन्शन आहे का. मुलगी आधी चिडली, माझे मेसेज का वाचलेस म्हणून, आईने सॉरी म्हटलं आणि गप्प उभी राहिली. मग मुलीनेच सांगितलं की भूमितीची दोन प्रकरणं तिला अजिबात कळलेली नाहीत आणि ते मला सांगायची लाज वाटत होती. आता शनिवारी ती अर्धा तास आधी येते.

एक कळकळीची विनंती, मुलांच्या चॅटचे स्क्रीनशॉट या ग्रुपवर टाकू नका, मागे एकाचा पडला होता तर दुसऱ्या दिवशी तो मुलगा क्लासला आलाच नाही. अक्षरं कळत नसतील तर मला एकटीला पाठवा, नाहीतर रविवारी 11 नंतर क्लासवर या, मी असते.