सममूल्य अपूर्णांक : कागदी पट्ट्यांचा पाठ आणि तुलनेची कृतिपत्रिका

इयत्ता पाचवी, विषय गणित, लागोपाठच्या दोन तासिका, वर्गात ३८ मुले

पुण्यातील घराघरांत दूध पाव लिटरने येते आणि मंडईत भाजी अर्धा किलो, पाऊण किलो अशी तोलली जाते, त्यामुळे दोन पाव म्हणजे अर्धा आणि तीन पाव म्हणजे पाऊण हे पाचवीतल्या मुलाला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. तरीही तेच मूल वहीत १/२ आणि २/४ हे दोन वेगवेगळे अपूर्णांक आहेत असे ठामपणे सांगते, कारण वहीत त्याला चार सुटे अंक दिसतात, वस्तू दिसत नाही. या पाठात ती वस्तू मुलाच्या हातात द्यायची आहे. अंश आणि छेद यांना एकाच संख्येने गुणण्याचा नियम शिक्षकांनी पहिल्या तासिकेत उच्चारू नये. तो घडीतून बाहेर येतो आणि मुले तो स्वतःच सांगतात, असा माझा अनुभव आहे.

साहित्य

प्रत्येक मुलाला ए-फोर आकाराचा एक कागद, मोजपट्टी, कात्री आणि एक रंगीत खडू एवढे पुरते. अप्पा बळवंत चौकात मिळणारा रंगीत कार्डपेपर दिसायला देखणा असला, तरी तिसऱ्या घडीला तो इतका जाड होतो की घड्या सरकतात. म्हणून झेरॉक्सचा साधा कागदच बरा. ए-फोर कागद २९.७ सेंमी लांब आणि २१ सेंमी रुंद असतो. लांबीच्या बाजूने २४ सेंमीवर खूण करून उरलेला तुकडा आधी कापून टाकावा आणि मग रुंदीवर दर ३ सेंमीला रेघ आखून कागद कापावा, म्हणजे २४ सेंमी लांबीच्या बरोबर सात पट्ट्या मिळतात. मोजपट्टीलाही मुले पट्टीच म्हणतात, तेव्हा सूचना देताना ‘मोजपट्टी’ आणि ‘कागदी पट्टी’ हे शब्द वेगळे ठेवावेत, नाहीतर निम्मा वर्ग भलतीच वस्तू उचलतो.

सर्व पट्ट्या समान लांबीच्या असणे ही या पाठाची पहिली अट आहे. एका वर्षी मी वर्तमानपत्राच्या अंदाजाने कापलेल्या पट्ट्या वाटल्या आणि एका मुलीने स्वतःच्या पट्टीचा अर्धा भाग शेजारणीच्या पाऊण भागापेक्षा मोठा असल्याचे सर्वांना दाखवून दिले. चूक माझी होती, पण त्यातून बोलायला विषय मिळाला: ज्वारीच्या मोठ्या भाकरीचा पाव भाग आणि छोट्या फुलक्याचा अर्धा भाग यांची तुलना ‘अर्धा मोठा की पाव मोठा’ या प्रश्नाने होत नाही, कारण मुळातले पूर्ण वेगळे आहे.

पहिली तासिका : घड्या

पहिली पट्टी न दुमडता तिच्यावर १ लिहावे. दुसरीचे दोन आणि तिसरीचे चार समान भाग घडी घालून करावेत आणि प्रत्येक भागावर १/२ किंवा १/४ लिहावे. आठ भागांच्या पट्टीपाशी मात्र घाई करू नये. तिला आधी फक्त दोन घड्या घालून उघडायला सांगावे, चार भागांपैकी तीन भाग खडूने रंगवून घ्यावेत आणि ‘किती भाग रंगले?’ असे विचारावे. ‘तीन छेद चार’ किंवा ‘पाऊण’ असे उत्तर येते. आता तीच पट्टी पुन्हा पूर्वीसारखी दुमडून आणखी एक घडी घालायला लावावी, उघडायला लावावी आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. भाग आठ झालेले असतात आणि रंगलेले भाग सहा. लगेच पुढचा प्रश्न: ‘मधल्या वेळात कोणी रंग वाढवला का?’ वर्गात क्षणभर शांतता पसरते आणि मग कोणीतरी म्हणते, ‘रंग तेवढाच आहे, तुकडे वाढले.’ हे वाक्य त्याच शब्दांत फळ्यावर लिहावे.

त्याखाली ३/४ = ६/८ लिहून घडीने नेमके काय केले ते मुलांकडूनच वदवून घ्यावे. नव्या घडीने प्रत्येक भागाचे दोन भाग झाले; एकूण भागांची संख्या दुप्पट झाली, रंगलेल्या भागांची संख्याही दुप्पट झाली आणि प्रत्येक भाग आकाराने निम्मा झाला. छेद आणि अंश या दोहोंना २ ने गुणण्याचे कारण एवढेच आहे. घडी रंगीत भागांना निवडून पडत नाही, ती सगळ्या पट्टीवर पडते, म्हणून नुसता अंश किंवा नुसता छेद गुणता येत नाही. एकच किंमत दाखवणाऱ्या अशा अपूर्णांकांना सममूल्य अपूर्णांक म्हणतात, हे नाव आता सांगावे, त्याआधी नाही.

तीन समान भागांची घडी मुलांना नजरेने जमत नाही आणि त्यात दहा मिनिटे सहज जातात. त्यामुळे ८ आणि १६ सेंमीवर पेन्सिलीने खुणा करून त्या खुणांवर दुमडावे. तशीच दुसरी पट्टी तिहेरी दुमडून एकदा मधोमध दुमडली की सहा भाग होतात, आणि आणखी एक पट्टी तिहेरी दुमडून दोनदा मधोमध दुमडली की बारा. बारा भागांच्या पट्टीत कागदाचे थर वाढून घड्या थोड्या चुकतात, तेव्हा उघडल्यावर दर २ सेंमीला मोजपट्टीने रेघ पक्की करून घ्यावी.

दुसरी तासिका : तुलना

सातही पट्ट्या डावी कडा जुळवून एकाखाली एक मांडाव्यात. १/२ च्या घडीवर मोजपट्टी उभी ठेवली की तिच्या रेषेत २/४, ३/६, ४/८ आणि ६/१२ एका ओळीत दिसतात. तीन भागांच्या पट्टीची घडी मात्र त्या रेषेत येत नाही, आणि का येत नाही हे मुलांना विचारण्यासारखे आहे.

छेद समान असले तर भाग सारख्या आकाराचे असतात, म्हणून अंश मोजले की झाले. अंश समान असले तर मुले हमखास फसतात: ८ हा ६ पेक्षा मोठा, म्हणून १/८ मोठा, असे त्यांना वाटते. येथे नियम सांगण्याऐवजी दोन्ही पट्ट्यांचा एकेक भाग बोटांच्या चिमटीत धरायला लावावा. ३ सेंमी आणि ४ सेंमी यांतला फरक बोटांना कळतो.

खरी परीक्षा ३/४ आणि ५/६ यांसारख्या जोडीत असते. पुष्कळ मुले म्हणतात, ‘दोन्हीकडे एकच भाग उरला, म्हणजे सारखेच.’ ही चूक पुसून टाकू नये, ती पुढे न्यावी. उरलेला एक भाग केवढा आहे, असे विचारावे. पहिल्या पट्टीत १/४ उरला आहे आणि दुसरीत १/६. ज्या पट्टीत उरलेला भाग लहान, तिच्यात रंगलेला भाग मोठा, म्हणून ५/६ मोठा. त्यानंतर दोन्ही अपूर्णांक बारा भागांच्या पट्टीवर वाचून ९/१२ आणि १०/१२ असे समच्छेद रूप लिहून घ्यावे.

एखादे चलाख मूल सगळ्या जोड्या मोजपट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजू लागते. माझ्या वर्गात एका मुलाने ५/८ आणि ७/१२ यांची तुलना ‘पंधरा सेंमी आणि चौदा सेंमी’ एवढ्यावर संपवली. काही सहकारी याला पळवाट मानतात. मला ती पळवाट वाटत नाही. पट्टी २४ सेंमीची असल्यामुळे प्रत्येक सेंटिमीटर हा पट्टीचा १/२४ भाग आहे आणि त्या मुलाने नकळत १५/२४ आणि १४/२४ असा समच्छेद केला आहे. त्याला फक्त एवढेच विचारावे की पट्टी २५ सेंमीची असती तर हे इतके सोपे गेले असते का.

कृतिपत्रिका : कोणता अपूर्णांक मोठा?

सूचना : प्रश्न १ आणि २ साठी पट्ट्या वापरा. प्रश्न ३ साठी पट्ट्या दप्तरात ठेवा. उत्तरे वहीत लिहा.

प्रश्न १. तुमच्या पट्ट्यांवर सापडणारे सर्व सममूल्य अपूर्णांक लिहा.
(अ) १/२ (आ) २/३ (इ) ३/४ (ई) ५/६
५/६ शी सममूल्य अपूर्णांक आठ भागांच्या पट्टीवर का सापडत नाही, ते एका वाक्यात लिहा.

प्रश्न २. जोडी वहीत उतरवून दोन अपूर्णांकांमध्ये <, > किंवा = यांपैकी योग्य चिन्ह लिहा.
(अ) १/६ आणि १/८
(आ) ३/८ आणि ५/८
(इ) ४/६ आणि ८/१२
(ई) २/३ आणि ५/८
(उ) ३/८ आणि ५/१२

प्रश्न ३. समच्छेद करून तुलना करा.
(अ) २/५ आणि ३/१०
(आ) ३/५ आणि २/३
(इ) ५/१० आणि ६/१२

प्रश्न ४. सिंहगड चढताना एका वेळी सायलीची ३/४ वाट, ओंकारची ५/६ वाट आणि त्यांच्या बाबांची २/३ वाट चढून झाली होती. सर्वांत मागे असलेल्यापासून सुरुवात करून तिघांची नावे क्रमाने लिहा.

प्रश्न ५. आजीने मंडईतून पाऊण किलो वांगी आणि ७/१० किलो गवार आणली. कोणती भाजी जास्त आहे?

प्रश्न ६. नेहाने १/२ च्या अंशात आणि छेदात १ मिळवून २/३ हा अपूर्णांक तयार केला आणि दोन्ही सममूल्य आहेत असे म्हटले. तुम्ही तिला पट्टीवर काय दाखवाल?

शिक्षकांसाठी उत्तरे

प्रश्न १ : (अ) २/४, ३/६, ४/८, ६/१२ (आ) ४/६, ८/१२ (इ) ६/८, ९/१२ (ई) १०/१२. आठ भागांच्या पट्टीच्या घड्या १८ आणि २१ सेंमीवर येतात, तर ५/६ ची घडी २० सेंमीवर असते. ‘घडी जुळत नाही’ एवढे लिहिले तरी पूर्ण गुण द्यावेत.

प्रश्न २ : (अ) > (आ) < (इ) = (ई) > (उ) <

प्रश्न ३ : (अ) ४/१० > ३/१० (आ) ९/१५ < १०/१५ (इ) दोन्ही अर्धे, म्हणून समान. या शेवटच्या जोडीत छेद ६० करत बसणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत, पण पाच हे दहाच्या निम्मे आहेत हे पाहून एका ओळीत उत्तर लिहिणाऱ्याला फळ्यापाशी बोलावून ते सर्वांना सांगायला लावावे.

प्रश्न ४ : बाबा (८/१२), सायली (९/१२), ओंकार (१०/१२).

प्रश्न ५ : वांगी जास्त, १५/२० > १४/२०. काही मुले ७५० ग्रॅम आणि ७०० ग्रॅम असे लिहितील, तेही बरोबरच आहे.

प्रश्न ६ : १/२ ची घडी १२ सेंमीवर आणि २/३ ची १६ सेंमीवर येते, म्हणजे रंगीत भाग वाढला. अंशात आणि छेदात १ मिळवणे म्हणजे असलेल्या भागांना घडी घालणे नव्हे, हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल त्याच्या वहीवर तशी नोंद करावी; ज्याला येणार नाही त्याला आठ भागांची पट्टी पुन्हा एकदा, कोऱ्या कागदापासून करायला द्यावी.